धुक्याची सबब आणि हक्काचा चहा

विमानाला उशीर झाला की काउंटरवरून ठरलेले उत्तर येते, 'धुके आहे, आमचा काय दोष?' दोष नसेलही. पण नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत धुक्यामुळे कंपनीची सुटका होते ती रोख भरपाईतून. चहा-फराळाची तरतूद वेगळी आहे, आणि नेमका हाच फरक लेकरे-म्हातारी घेऊन ताटकळणाऱ्यांना कोणी सांगत नाही.

पुणे-दिल्ली विमान घ्या. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास वा अधिक उशीर अपेक्षित असेल आणि प्रवाशाने वेळेत चेक-इन केले असेल, तर खाणेपिणे कंपनीने द्यायचे. आता सकाळी आठचे विमान आधी पावणेनऊ, मग साडेनऊ, मग सव्वादहा होते. प्रत्येक वेळी पाऊण तासच! हिशेब मात्र मूळच्या आठपासून करायचा. सव्वादहाची घोषणा झाली की लगेच गेटवर कूपन मागावे. नियमात 'अपेक्षित' उशीर आहे. दोन तास उपाशी बसून दाखवण्याची अट नाही.

लाउंज यात येत नाही. तो बहुधा आपल्या कार्डाचा लाभ असतो, आणि तिथे गेलात तर खर्ची पडते ती तुमच्याच कोट्यातली एक फेरी.

कूपन नाकारले, तर विकत खाऊन पावती घ्यावी. ती, बोर्डिंग पास आणि बदललेल्या वेळांचे एसएमएस जोडून कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे लेखी मागणी करावी. तिथे दाद लागली नाही, तर सरकारच्या 'एअरसेवा'वर तक्रार नोंदवता येते.