मुलेठीचा चहा आणि वाढलेले ब्लडप्रेशर

घसा बसला, खोकला झाला की आमच्या घरांतून मुलेठी, म्हणजेच ज्येष्ठमध, उकळून दिली जाते. दोन-चार दिवस ती घेतल्याने निरोगी माणसाला सहसा काही होत नाही. रोजचा चहा म्हणून ती सुरू झाली, की गोष्ट बदलते.

इजिप्तमध्ये रमजानात इफ्तारच्या वेळी मुलेठीचे थंड सरबत पितात. त्याला ‘इर्क सूस’ म्हणतात. कॅनडातील ८४ वर्षांचे एक गृहस्थ, ज्यांना आधीपासूनच ब्लडप्रेशर होते, ते घरी केलेले हे पेय दोन आठवडे रोज एक-दोन ग्लास घेत होते. डोके दुखू लागले, छातीत दुखले, पायांवर सूज आली आणि त्यांना इस्पितळात न्यावे लागले. ब्लडप्रेशर फार चढले होते आणि रक्तातील पोटॅशियम उतरले होते. त्यांची हकीकत २०१९ साली तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

असे का होते? मुलेठीची गोडी ग्लिसरायझिन या द्रव्याची असते. आपल्या शरीरातील कॉर्टिसोल हे संप्रेरक मूत्रपिंडात एरवी निष्प्रभ केले जाते. हे द्रव्य ते काम अडवते. मग कॉर्टिसोल मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावते आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते. म्हणून एकीकडे ब्लडप्रेशर चढते, दुसरीकडे पोटॅशियम घटते. अशा वेळी केळी किंवा शहाळ्याचे पाणी देऊन भागत नाही, कारण मुलेठी चालू असेपर्यंत गळती चालूच राहते.

युरोपात दिवसाला १०० मिलिग्रॅम ग्लिसरायझिन ही मर्यादा सांगितली जाते. मुळात ते शेकडा ४ धरले, तर ३ ग्रॅम मुळात १२० मिलिग्रॅम होते. काढ्यात ते सगळे उतरत नाही, पण प्रत्येक मुळात त्याचे प्रमाण वेगळे असते, त्यामुळे चमच्याने अंदाज बांधता येत नाही.

अब्बांना ब्लडप्रेशर असेल, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, लघवी वाढवणारी गोळी, डिगॉक्सिन किंवा स्टेरॉइड चालू असेल, तर मुलेठी देऊ नये. गरोदर सुनेलाही देऊ नये. खोकल्याच्या तयार काढ्यात आणि हर्बल चहाच्या पाकिटातही ती असते. पाकिटावरची यादी वाचावी.

पायांत गोळे येणे, जिना चढताना मांड्या गळून जाणे, पावलांवर सूज, छातीत धडधड ही लक्षणे दिसली तर मुलेठी लगेच बंद करावी, ब्लडप्रेशर मोजावे, रक्तातील सोडियम-पोटॅशियम तपासून घ्यावे. धडधड थांबत नसेल, छातीत दुखत असेल किंवा चालवत नसेल, तर थेट इस्पितळ गाठावे. मुलेठी सोडल्यावरही तिचा परिणाम ओसरायला एक-दोन आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात.

डॉक्टर ‘औषधे कोणती?’ विचारतात तेव्हा आम्ही गोळ्यांचीच नावे सांगतो. त्यांना मुलेठीच्या चहाचेही सांगावे.