अर्थसंकल्प शिलकीचा, तिजोरी रिकामी : रायपूरच्या थकीत देयकांचा हिशेब

रायपूर : महापालिकेच्या अर्थसंकल्पात तरतूद आहे, म्हणून कामाचा कार्यादेश निघतो. काम पूर्ण होते, मोजमाप पुस्तिकेत नोंद होते, देयक लेखा विभागात पोहोचते आणि तिथेच थांबते. तरतूद ही खर्चाची परवानगी असते, रोकड नसते. छत्तीसगढच्या राजधानीतील थकीत देयकांचे मूळ या फरकात आहे.

रायपूर महापालिकेचा पैसा प्रामुख्याने तीन वाटांनी येतो. अविभाजित मध्य प्रदेशात जकात 1976 मध्येच रद्द झाली. तिच्या बदल्यात राज्याकडून मिळणारी ‘चुंगी क्षतिपूर्ती’ मुख्यत्वे वेतनावर खर्च होते. दुसरी वाट अनुदानाची. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळात रायपूरसारख्या दशलक्षाहून अधिक लोकसंख्येच्या नागरी क्षेत्रांना दिलेले अनुदान पूर्णपणे बांधील होते : एक तृतीयांश हवेच्या गुणवत्तेसाठी, उरलेले पाणी, स्वच्छता व घनकचऱ्यासाठी. प्रभागातील गल्लीचे काँक्रीटीकरण या उद्दिष्टांत सहसा बसत नव्हते. ते तिसऱ्या वाटेवर, म्हणजे स्वनिधीवर येते. त्यातील मालमत्ता कराचा भरणा 31 मार्चच्या आसपास दाटतो. देयके मात्र वर्षभर येतात.

परिणाम समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वेतन, वीज आणि इंधन भागवून एखाद्या पालिकेकडे दरमहा 4 कोटी रुपये उरतात आणि देयके 6 कोटींची येतात. वर्षअखेरीस थकबाकी 24 कोटी होते. नव्या देयकाला आता सहा महिने थांबावे लागते. कंत्राटदाराने 12 टक्क्यांनी कर्ज काढले असेल, तर एक कोटीच्या कामावर सहा लाख रुपये व्याज चढते. पुढच्या निविदेत तो ते दरात मिळवतो किंवा कामाच्या दर्जातून वसूल करतो. मग त्याच 4 कोटींत कमी काम होते. पालिकेने नवी देयके 3 कोटींवर रोखली, तरी दरमहा एकच कोटी मागील बाकीसाठी उरतो. बारा महिन्यांत साचलेले फिटायला चोवीस महिने लागतात.

यापेक्षा घातक ते दायित्व, जे यादीतच नसते. काम झाले, पण मोजमाप लांबवले किंवा देयक स्वीकारलेच नाही, तर ताळेबंदात काहीच दिसत नाही. 2004 च्या राष्ट्रीय नगरपालिका लेखा नियमावलीनुसार खर्चाची नोंद पैसे देताना नव्हे, तर दायित्व निर्माण होताना व्हायला हवी. ही शिस्त सुटली, की शिल्लक फसवी ठरते.

आजार ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत : सर्वांत जुने देयक किती महिन्यांचे आहे, निविदेला किती जण येतात आणि बांधील अनुदान किंवा कंत्राटदारांची अनामत रक्कम दैनंदिन खर्चाला वापरली जाते का. उपायही कार्यादेशापाशीच आहे. तरतुदीबरोबर पुढील तीन महिन्यांची अपेक्षित रोकड तपासून, स्वीकृतीच्या क्रमाने देयके फेडली, तरच रांग आखूड होते. कर्ज काढून बाकी फेडल्यास ती रांग केवळ कंत्राटदाराच्या दारातून बँकेच्या दारात जाते.