जेवढे नुकसान तेवढाच कर?

प्रदूषण करणाऱ्याकडून त्याने केलेल्या नुकसानीएवढा कर घ्यावा, हे वाक्य मी वर्गात इतकी वर्षे शिकवले की ते मला न्यायाचेच दुसरे नाव वाटू लागले होते. ए. सी. पिगू यांनी १९२० साली मांडलेला हा विचार आता अग्रलेखांतही स्वयंसिद्ध म्हणून येतो. माझा आक्षेप त्या स्वयंसिद्धपणाला आहे. बाजारात विक्रेते पुष्कळ असतील तर हे वाक्य बरोबर आहे. विक्रेता एकच असेल तर ते बहुधा चूक ठरते.

सिमेंट घ्या. ते जड आणि त्या मानाने स्वस्त, त्यामुळे लांबून आणणे परवडत नाही आणि एखाद्या टापूत एकच कारखाना राजा होऊन बसतो. हिशेबासाठी काही आकडे कल्पू. एका पोत्याचा उत्पादनखर्च १०० रुपये आणि शेजारच्या गावावर बसणाऱ्या धुळीचे नुकसान पोत्यामागे १५० रुपये, म्हणजे समाजाला पोते पडते २५० रुपयांना. किंमत ५०० असेल तर गिऱ्हाईक शून्य. ती पाच रुपयांनी उतरली की खप हजार पोत्यांनी वाढतो.

कर नसताना हा एकटा विक्रेता काय करील? सर्वाधिक नफा मिळवण्यासाठी तो ४०,००० पोती काढून ३०० रुपयांना विकील. समाजाच्या दृष्टीने योग्य संख्या मात्र ५०,००० आहे, कारण तिथे किंमत २५० होते. म्हणजे धूर ओकणारा हा कारखाना मुळातच कमी माल काढतो आहे! पर्यावरणाच्या प्रेमाने नव्हे. माल रोखून भाव चढवण्यासाठी.

आता त्यावर १५० रुपयांचा कर लावा. उत्पादन २५,००० वर येते आणि किंमत ३७५ वर जाते. जी १५,००० पोती बनलीच नाहीत, त्यांच्यासाठी लोक ३०० ते ३७५ रुपये द्यायला तयार होते आणि धुळीसकट त्यांचा खर्च होता २५० रुपये. सरासरी साडेसत्याऐंशी रुपयांचा लाभ प्रत्येक पोत्यामागे वाया गेला. एकूण सुमारे तेरा लाख. न्यायाच्या नावाने लावलेल्या कराने समाज गरीब झाला.

जेम्स बुकॅनन यांनी १९६९ साली हाच इशारा दिला होता. पुढे १९८० मध्ये बार्नेट यांनी दाखवले की मक्तेदारावरचा योग्य कर साधारणपणे नुकसानीपेक्षा कमी असतो. किती कमी, ते मागणी किंमतीला किती दाद देते यावर ठरते. आमच्या उदाहरणात तर हिशेब उलटाच निघतो: पोत्यामागे १०० रुपये अनुदान द्या, तरच तो ५०,००० पोती काढील. अमेरिकेतल्या सिमेंट उद्योगावर फाउली, रेग्वांट आणि रायन यांचा २०१६ चा अभ्यास आहे. कार्बनच्या नुकसानीचे मोल कमी धरले तर त्याचा पूर्ण भार उद्योगावर टाकल्याने एकूण कल्याण घटते, असे त्यांना आढळले. मक्तेदारीसारखी बाजारसत्ता हे त्याचे एक कारण. बाहेरून येणारे सिमेंट हे दुसरे.

हा युक्तिवाद कारखानदाराच्या वकिलाला किती गोड लागेल, हे मला कळते. म्हणून सांगतो, यातून करमाफी निघत नाही. कर पोत्यावर न लावता धुराड्यातून निघणाऱ्या धुळीवर लावला, तर गाळणी बसवण्याचे कारण मिळते. ते कारण शून्य कराने मरते. शिवाय आपली मागणी किती लवचिक आहे हे कारखानदारच सांगणार, आणि खोटे सांगण्यात त्याचा फायदा असणार.

खरी चूक वेगळीच आहे: दोन दुखण्यांवर एकच औषध. सरकारने विक्रीची किंमत २५० वर बांधून दिली आणि १५० चा पूर्ण करही घेतला, तर कारखान्याचा खर्च कसाबसा निघतो आणि पोती ५०,००० निघू शकतात. कारखान्याचा स्थिर खर्च मोठा असेल तर ही मर्यादा थोडी वर न्यावी लागेल. पण दिशा हीच.

आणि इथेच माझ्या स्वतःच्या हिशेबातले कुसळ मला टोचते. कर नसताना गावावर ६० लाखांची धूळ पडत होती. त्या ‘चुकीच्या’ कराने ती साडेसदतीस लाखांवर आली असती. माझ्या ‘योग्य’ उत्तरात ती ७५ लाखांची होते. बेरजेत समाज जिंकतो, पण फायदा घर बांधणाऱ्याचा आणि खोकला गावाचा. बुकॅनन यांचा दाखला देणारे इथे गप्प बसतात. कराचे ते ७५ लाख तिजोरीत न जाता त्याच गावाला मिळणार असतील, तरच मी माझ्या उत्तरावर सही करीन. नाहीतर गावाने तो जुना, चुकीचा करच मागावा, आणि त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार मला नाही.