पैसे पोहोचले, टोकन नाही

एनएफटी विकत घेणाऱ्याच्या खात्यातून रक्कम गेली, पण टोकन त्याच्या हाती आले नाही. कारण मधल्या काळात विक्रेत्याने ते विक्रीतून काढून घेतले होते किंवा दुसऱ्याच कोणी ते घेऊन टाकले होते. अशी तक्रार कानावर आली की आपल्याकडील प्रतिक्रिया ठरलेली असते : जुगारात गेलेल्या पैशांसाठी दाद कसली मागायची? मला ही प्रतिक्रिया मान्य नाही. येथे भाव पडल्याचे रडगाणे नाही. पैसे घेतले आणि माल दिला नाही, एवढीच ही तक्रार आहे. ज्या राज्यव्यवस्थेने २०२२च्या वित्त कायद्याने या मालाला ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ म्हणून ओळख दिली आणि त्यावरील नफ्याला ३० टक्के कर लावला, तिला हा व्यवहार पूर्ण केव्हा झाला, हा प्रश्न टाळता येणार नाही.

प्रथम हे घडते कसे, ते पाहू. इथेरियमवरील बाजारपेठांत टोकन विक्रीला ठेवणे म्हणजे ते बाजारपेठेच्या ताब्यात देणे नव्हे. टोकन विक्रेत्याच्याच वॉलेटात राहते. त्याने फक्त ‘अमुक किमतीला द्यायला तयार आहे’ अशा मजकुरावर डिजिटल सही केलेली असते. ही सही ब्लॉकचेनच्या बाहेर, बाजारपेठेच्या संगणकावर असते. विक्रेत्याने विचार बदलला किंवा टोकन दुसरीकडे विकले गेले, तरी पडद्यावरची किमतीची पाटी काही काळ तशीच लटकत राहू शकते. शिवाय इथेरियमवर साधारण बारा सेकंदांनी एक नवा ब्लॉक तयार होतो. तेवढ्यात दोघांनी एकाच टोकनासाठी व्यवहार पाठवले, तर सहसा जास्त बक्षिसी देणाऱ्याचा व्यवहार आधी नोंदला जातो आणि दुसऱ्याच्या वाट्याला विकून गेलेला माल येतो.

खरेदीदाराने स्वतःच्या वॉलेटातून थेट इथर देऊन व्यवहार केला असेल, तर येथे फारसे बिघडत नाही. किंमत देणे आणि टोकन येणे या दोन गोष्टी स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये एकाच सूत्रात बांधलेल्या असतात. एक घडली नाही तर दुसरीही घडत नाही. ‘सीपोर्ट’ या प्रचलित करारप्रणालीत अशा वेळी `OrderIsCancelled` किंवा `OrderAlreadyFilled` असा दोष नोंदला जातो, संपूर्ण व्यवहार उलटतो आणि किमतीचे इथर वॉलेटातच राहते. जाते ते गॅस शुल्क, कारण व्यवहार तपासण्याचे काम झालेले असते. समजा या तपासणीला ४०,००० एकक गॅस लागला आणि दर ५० ग्वेई असला, तर ०.००२ इथर गेले. ते परत मिळत नाही आणि ते मागण्यात अर्थही नाही. ते बाजारपेठेला मिळालेले नसते, जाळे चालवण्यात खर्च झालेले असते.

खरी अडचण रुपयांच्या वाटेवर आहे. बहुतेक नवा ग्राहक इथर हाताळत नाही. तो कार्डाने किंवा बँक खात्यातून एखाद्या मध्यस्थाला रुपये देतो. मध्यस्थ त्याचे इथर करतो आणि मग टोकन घेण्याचा प्रयत्न करतो. म्हणजे एकसंध दिसणारी खरेदी प्रत्यक्षात दोन तुकड्यांची असते आणि त्या दोन तुकड्यांना बांधणारे सूत्र नसते. पहिला तुकडा यशस्वी होतो, दुसरा फसतो. अशा प्रसंगी ग्राहकाने पहिली गोष्ट विचारावी ती व्यवहाराचा हॅश. तो ब्लॉकचेनच्या सार्वजनिक नोंदीत शोधल्यावर व्यवहार फसल्याचे दिसले, तर किंमत कोणत्या तरी वॉलेटात शाबूत आहे. हॅशच नसेल, तर टोकनासाठी व्यवहार पाठवलाच गेला नाही आणि पैसे मध्यस्थाकडे पडून आहेत. आणि नोंद यशस्वी दाखवत असूनही टोकन नसेल, तर प्रश्न बहुधा रद्द झालेल्या विक्रीचा नसून बनावट संग्रहाचा किंवा फसवणुकीचा आहे. ती वाट पोलिसांकडे जाते.

एक उदाहरण आकड्यांत मांडतो. ग्राहकाने ४०,००० रुपये दिले. मध्यस्थाने १,००० रुपये शुल्क कापून ३९,००० रुपयांचे इथर घेतले. तोवर टोकन विकले गेले. मध्यस्थ सांगतो, ‘तुमचे इथर तुमच्या खात्यात आहे.’ पण ग्राहकाला इथर हवेच नव्हते. दुसऱ्या दिवशी तो ते विकायला गेला आणि भाव चार टक्क्यांनी उतरला होता, तर ३७,४४० रुपये आले. त्यातून एक टक्का टीडीएस, म्हणजे ३७४ रुपये कापले गेले. टीडीएस विवरणपत्र भरताना जमेस धरता येईल. भावातील १,५६० रुपयांचा तोटा मात्र दुसऱ्या टोकनाच्या नफ्यातूनसुद्धा वजा करता येत नाही, कारण कायद्याने तशी वजावट नाकारली आहे. उलट भाव चार टक्क्यांनी चढला असता, तर त्या १,५६० रुपयांवर ३० टक्के कर लागला असता. न झालेल्या खरेदीने ग्राहकाला असे करदात्याच्या रांगेत आणून उभे केले.

कायदा येथे कुठे आहे? रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकात फसलेल्या देयकांसाठी मुदती ठरवल्या. यूपीआयने दुकानदाराला पैसे देताना खात्यातून रक्कम गेली आणि दुकानदाराला पुष्टी मिळाली नाही, तर पाच दिवसांत ती परत यावी. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. पण आपल्या ग्राहकाचे देयक फसलेलेच नाही. बँकेच्या दृष्टीने पैसे जायचे तेथे गेले. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० डिजिटल उत्पादनांनाही लागू आहेत; तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यावी व महिनाभरात निवारण करावे, असे ते म्हणतात. परताव्यासाठी मात्र त्यांत ‘वाजवी मुदत’ एवढेच शब्द आहेत, आणि परतावा रुपयांत की इथरमध्ये, याचा त्यांना विचारच करावा लागला नव्हता.

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच बाजारात आधीपासून आहे. प्रारंभिक भागविक्रीत अर्ज करणाऱ्याची रक्कम आता आधीच कंपनीकडे जात नाही. ती त्याच्याच खात्यात अडवून ठेवली जाते. शेअर मिळाले तरच वळती होते, न मिळाल्यास मोकळी होते. २०१९पासून किरकोळ गुंतवणूकदाराला हे यूपीआयनेही करता येते. भागविक्रीत शेअर मिळेलच असे नसते, हे आधीच मान्य करून ही रचना उभारली गेली. एनएफटीच्या खरेदीतही टोकन मिळेलच असे नसते. मग रुपये स्वीकारणाऱ्या मध्यस्थाने टोकन खरेदीदाराच्या वॉलेटात नोंदले जाईपर्यंत रक्कम फक्त अडवावी, आणि ते न झाल्यास शुल्कासह रुपयांतच मोकळी करावी, ही अट अवघड का वाटावी? तोवर भावातील चढउताराचा धोका मध्यस्थाला पेलावा लागेल, हे खरे. पण तो काही मिनिटांचा असेल आणि तो पेलण्याची क्षमता ग्राहकापेक्षा त्याच्याकडे अधिक आहे.

अडथळा तंत्राचा नाही, संकोचाचा आहे. एप्रिल २०२२मध्ये यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय देयक महामंडळाने, कोणतीही क्रिप्टो बाजारपेठ यूपीआय वापरत असल्याची आपल्याला माहिती नाही, असे निवेदन काढले होते. या व्यवहारांसाठी नियम केले तर त्यांना मान्यता दिल्यासारखे होईल, अशी भीती त्यामागे दिसते. ती मी समजू शकतो. मात्र मार्च २०२३मध्ये अशा मध्यस्थांना मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आणले गेले. ग्राहकाची ओळख नोंदवणे आणि संशयास्पद व्यवहार कळवणे त्यांच्यावर बंधनकारक झाले. ज्या नोंदवहीतून प्राप्तिकर आणि वित्तीय गुप्तवार्ता विभागांना माहिती मिळते, त्याच नोंदवहीत ‘रक्कम मिळाली’ आणि ‘टोकन दिले’ असे दोन स्वतंत्र रकाने सक्तीचे करणे हे मान्यतेचे प्रमाणपत्र ठरत नाही. पहिला रकाना भरलेला आणि दुसरा ठरावीक दिवसांनंतरही रिकामा असेल, तर परताव्याची मुदत तेथूनच मोजता येईल.