भिंतीतला नळ आणि न मिळणारं कार्ट्रिज

बाथरूमचं रिनोव्हेशन केलं तेव्हा आईचा एकच सवाल होता : ‘‘एका नळाला चौदा हजार?’’ मी तिला फिनिश, डिझाइन, ‘लाइफटाइम इन्व्हेस्टमेंट’ असं मस्त लेक्चर दिलं. तीन वर्षांनी तोच शॉवर बंद करूनही टपटपायला लागला, आणि लेक्चर द्यायची पाळी आईची आली.

प्लंबरकाकांनी हँडल काढलं आणि निदान केलं, ‘‘ताई, कार्ट्रिज गेलंय.’’ हे कार्ट्रिज म्हणजे सिंगल लिव्हर नळाचं हृदय. आत सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात आणि पाणी चालू-बंद होतं. टँकरच्या पाण्यातली बारीक रेती किंवा क्षार त्यांच्यामध्ये अडकले की चरा पडतो. मग लिव्हर कितीही घट्ट दाबा, पाणी ठिबकतंच. एरवी हे काम अर्ध्या तासाचं. मुख्य कॉक बंद करायचा, जुनं कार्ट्रिज समोरून काढायचं, नवं बसवायचं. टाइलला हातही लावावा लागत नाही.

पण नवं कार्ट्रिज मिळायला तर हवं! जुना तुकडा पिशवीत घालून मी भवानी पेठेतली दुकानं पालथी घातली. पस्तीस मिलिमीटरची कार्ट्रिजेस ढिगानं होती. व्यास जुळायचा, पण खालची भोकं किंवा वरचा दांडा जुळायचा नाही. कंपनीला फोन केला, तर मॉडेल बंद झालेलं आणि स्पेअर पार्टही संपलेले. शेवटी डायव्हर्टरच बदलावा लागला. तो भिंतीत गाडलेला, म्हणून चार टाइल्स फोडल्या. त्या शेडच्या टाइल्स आता मिळत नाहीत, त्यामुळे आमच्या भिंतीवर सध्या एक ठिगळ आहे.

आणि दहा वर्षांची वॉरंटी? कार्ड नीट वाचलं तेव्हा कळलं, की दहा वर्षं होती ती पितळी बॉडीला. बॉडीला सहसा काही होतच नाही! कार्ट्रिजला दोनच वर्षं होती, तीही ‘जड पाणी आणि गाळामुळे झालेलं नुकसान वगळून’. टाइल्स आणि मजुरी तर त्यात नव्हतीच. म्हणून मोठा आकडा बघून हुरळू नका. कार्ट्रिजची वेगळी ओळ शोधा आणि काय काय वगळलंय ते वाचा. बिलावर मॉडेल कोड आणि तारीख आहे ना, तेही बघा, नाहीतर पुढे क्लेम करताना अडतं.

नवा डायव्हर्टर घेताना मी शहाणी झाले होते. दोन ब्रँड फायनल केले, एक तेरा हजारांचा आणि एक साडेदहाचा. पैसे देण्याआधी दोघांच्याही कस्टमर केअरला फोन लावला. मी आधीच ग्राहक आहे असं भासवून घराचा पिनकोड सांगितला आणि तीन गोष्टी विचारल्या. या कोडचं कार्ट्रिज केवढ्याला आणि किती दिवसांत मिळेल? माझ्या भागात तुमचा माणूस येतो, की डीलरचा प्लंबर? सहा-सात वर्षांपूर्वी कॅटलॉगमधून गेलेल्या मॉडेलचं कार्ट्रिज आज देता का?

तेरा हजारवाल्यांचं उत्तर होतं, ‘‘मॅडम, डीलरशी बोला.’’ डीलर म्हणाला, ‘‘ऑर्डर टाकावी लागेल, बघू.’’ साडेदहावाल्यांनी पार्टचा कोड आणि किंमत फोनवरच सांगितली. शिवाय त्यांच्या चार-पाच रेंजमध्ये एकच कार्ट्रिज वापरतात, हेही कळलं. ही खरी कामाची गोष्ट. एक रेंज बंद पडली तरी बाकीच्यांसाठी तो पार्ट बनत राहतो. मी साडेदहावाला घेतला आणि त्याच बिलावर नऊशे रुपयांचं एक जादा कार्ट्रिज. ते आता कपाटात, बिलाच्या पाकिटात पडून आहे.

मग जास्त पैसे कुठे मोजायचे? माझा हिशोब आता सोपा आहे. भिंतीच्या आत जे जातं, म्हणजे डायव्हर्टर किंवा कन्सील्ड फ्लश टँक, तिथे सर्व्हिस आणि स्पेअर्स पक्के असतील तरच पैसे ओता. फ्लश टँकच्या आतले पार्टही समोरच्या प्लेटमधूनच बदलायचे असतात, तेव्हा तिथेही हेच तीन प्रश्न. बेसिनचा नळ मात्र बाहेर असतो. खालचा अँगल कॉक बंद केला, की अख्खा नळ बदलता येतो. तिथे साधा ब्रँड घेतला तरी फार बिघडत नाही.

आई परवा ते जादा कार्ट्रिज हातात घेऊन बघत होती. ‘‘एवढीशी वस्तू,’’ ती म्हणाली, ‘‘आणि एवढ्याशासाठी भिंत फोडलीस?’’

या वेळी माझ्याकडे लेक्चर नव्हतं.