फंडिंगच्या कॅप्शनमधलं ‘तुमच्यासाठी’ कसं वाचायचं?

स्टार्टअपला फंडिंग मिळालं की हल्ली कॅप्शनमध्ये गुंतवणूकदारांची नावं शेवटी येतात. सुरुवात असते ‘आता तुमची ऑर्डर आणखी लवकर!’ अशी. हा बदल मला आवडतो, कारण ग्राहकाला आकड्यापेक्षा सेवेशी मतलब असतो. पण मी अशा कॅप्शनमध्ये एकच गोष्ट शोधतो: हे वचन पैसे संपल्यावरही टिकेल का?

डन्झोचं उदाहरण घ्या. जानेवारी २०२२ मध्ये कंपनीने २४ कोटी डॉलर उभे केले. त्यातले २० कोटी रिलायन्स रिटेलचे. ग्राहकांसाठी याचा अर्थ सांगितला होता: ठिकठिकाणच्या छोट्या गोदामांतून झटपट किराणा, आणि सातऐवजी १५ शहरांत सेवा. ऐकायला मस्तच!

आता हिशेब बघा. गोदामाचं भाडं, डिलिव्हरीवाल्याचे पैसे आणि सवलत मिळून होणारा खर्च ऑर्डरमधल्या कमाईपेक्षा जास्त असेल, तर प्रत्येक ऑर्डरमागे तोटा होतो. मग नवीन शहर म्हणजे नवीन तोटा. फंडिंग तो फक्त काही काळ झाकतं. डन्झोत २०२३ मध्ये पगार रखडले आणि जानेवारी २०२५ मध्ये अ‍ॅप बंद पडलं.

म्हणून कॅप्शनमध्ये कोणतं शहर, कधीपासून आणि किती डिलिव्हरी चार्ज हे लिहिलेलं नसेल, तर सवलतीचा फायदा जरूर घ्या. पण वर्षभराची मेंबरशिप आगाऊ भरू नका आणि वॉलेटमध्ये मोठी रक्कम ठेवू नका.