निळ्यावर तांबडे लिहू नये

रविवारच्या वर्गांसाठी आपण ज्या शैक्षणिक चित्रफिती तयार करतो, त्यांतील पुष्कळांची पार्श्वभूमी निळी असते आणि महत्त्वाचा शब्द त्यावर तांबड्या अक्षरांत झळकतो. निळा रंग आपला आहे, तो राहावाच. तांबडी अक्षरे मात्र काढून टाकावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

डोळा अक्षर वाचतो ते मुख्यतः उजेडाच्या फरकावरून. रंगाच्या फरकाचा त्यात फारसा वाटा नसतो. हा फरक मोजण्याचे एक प्रमाण संकेतस्थळांसाठी ठरलेले आहे. सारखाच उजेड असेल तर १, काळ्यावर पांढरे असेल तर २१. साध्या आकाराच्या मजकुरासाठी किमान ४.५ हवे, मोठ्या ठळक अक्षरांना ३ चालते. आता गडद निळ्यावर (#000080) आपले रंग ठेवून पाहू. पांढऱ्या अक्षरांना १६ मिळतात, पिवळ्यांना जवळजवळ १५. शुद्ध तांबड्याला अवघे ४! निळा थोडा उजळ घेतला (#0000FF), तर तांबड्याचे गुण सव्वादोनच्याही खाली जातात.

चित्रफितीत आणखी एक अडचण येते. फाइल लहान व्हावी म्हणून व्हिडिओ साठवताना उजेडाचा तपशील पूर्ण ठेवतात, रंगाचा तपशील मात्र साधारणतः चार बिंदूंना मिळून एकच ठेवतात. त्यामुळे केवळ रंगाच्या बळावर उभे असलेले अक्षर कडांना फिसकटते. देवनागरीत याचा पहिला फटका अनुस्वाराला, मग रफाराला आणि उकारांना बसतो. संगणकाच्या मोठ्या पडद्यावर जे ठीक दिसले, ते मुलाच्या फोनवर ‘संघ’ की ‘सघ’ हे कळत नाही.

आता रंगांधत्वाकडे येऊ. ब्रिटनमध्ये साधारण बारा मुलग्यांमागे एकाला ते असते. मुलींत प्रमाण दोनशेंत एक इतके कमी आहे. याचे पहिले शास्त्रीय वर्णन याच देशात झाले. अणुसिद्धान्तवाले जॉन डाल्टन यांनी १७९४ साली मँचेस्टरमध्ये स्वतःच्या दृष्टीवर निबंध वाचला. आपल्या डोळ्यांतला द्रव निळसर असावा, असा त्यांचा तर्क होता आणि मृत्यूनंतर डोळे तपासावेत, अशी त्यांची इच्छा होती. १८४४ साली तपासले, तर द्रव स्वच्छ निघाला. जतन केलेल्या अवशेषांच्या जनुकीय तपासणीतून १९९५ साली खरे कारण कळले : हिरव्या भागातील प्रकाश टिपणाऱ्या पेशींचे रंगद्रव्यच त्यांना नव्हते. याच्याच दुसऱ्या एका प्रकारात तांबडा रंग काळपट दिसतो. अशा मुलाला निळ्यावरचे तांबडे अक्षर वरच्या ४ या आकड्याहूनही अंधुक वाटणार, कारण तो आकडा सामान्य डोळा गृहीत धरून काढलेला आहे. येथील सरकारी नेत्रतपासणीत रंगदृष्टीची चाचणी सहसा होत नाही, ती मागून घ्यावी लागते. तोवर मूल दुर्लक्ष करते, असाच आपला समज राहतो.

उदाहरणादाखल ‘बाबासाहेबांचे लंडन’ असा नकाशा घेऊ. जेथे शिकले ती ठिकाणे तांबड्या ठिपक्यांनी दाखवली : लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन. जेथे राहिले ते १०, किंग हेन्रीज रोड हिरव्या ठिपक्याने. नेहमीच्या तांबड्या-हिरव्यातला (#FF0000, #008000) उजेडाचा फरक जेमतेम १.३ आहे. रंगांध मुलाला तिन्ही ठिपके तपकिरीच्या छटा वाटतील आणि कोपऱ्यातली रंगसूची त्याला निरुपयोगी ठरेल. दुरुस्ती सोपी आहे. ओकाबे आणि इतो या जपानी शास्त्रज्ञांच्या रंगसंचातून निळा (#0072B2) आणि शेंदरी (#D55E00) घ्यावा, कारण निळ्या-शेंदरीतला भेद तांबड्या-हिरव्याच्या रंगांधत्वात टिकतो. पांढऱ्या नकाशावर त्यांना अनुक्रमे ५ आणि ४ च्या आसपास गुण मिळतात. खुणांना तेवढे पुरतात. शिक्षणासाठी चौकोन, निवासासाठी वर्तुळ करावे आणि ठिकाणाचे नाव खुणेशेजारीच काळ्या अक्षरांत लिहावे. मग रंगसूचीची गरजच उरत नाही. मात्र हे दोन रंग एकमेकांवर अक्षरांसाठी वापरू नयेत. त्यांच्यातला उजेडाचा फरकही १.३ च भरतो.

आपल्या पंचरंगी ध्वजाचा प्रश्न कुणी विचारील. ध्वज जसा आहे तसाच दाखवावा. फक्त त्याच्या पट्ट्यांवर मजकूर छापू नये, कारण पिवळ्या-पांढऱ्यावर पांढरे अक्षर हरवते आणि तांबड्या-नारिंगीवर तांबडे. खाली गडद निळी सपाट पट्टी द्यावी, तीवर पांढरा मजकूर यावा. चालत्या चित्रावर अक्षरे टाकतानाही हीच पट्टी लागते. मिरवणुकीच्या दृश्यात मागचा उजेड क्षणाक्षणाला बदलतो.

प्रसारित करण्यापूर्वी संपादनात सॅच्युरेशन शून्यावर आणून फीत एकदा काळी-पांढरी पाहावी आणि तीही फोनवर. जे अक्षर तेथे बुडाले, ते बदलावे. या चाचणीला मर्यादा आहे : आपले निळे आणि शेंदरी ठिपके तीत जवळजवळ सारखेच राखाडी दिसतात, पण रंगांध मुलाला ते वेगळे कळतात. खुणांसाठी म्हणून आकार पाहावा, अक्षरांसाठी मात्र ही चाचणी पुरेशी कठोर आहे.